जाताना चोवीस, येताना बारा

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लागायचा. डावीकडे गटवार गावांची नावं, पुढे कारखान्यापासूनचं अंतर, त्यापुढे ‘सरासरी वेग’ आणि शेवटी ‘एका खेपेचा वेळ’. मी तिथे ऊस वाहतुकीचं नियोजन बघायचो. नियोजन म्हणजे काय, तर गव्हाणीत ऊस कमीही पडू नये आणि यार्डात वाहनांची जत्राही भरू नये. ऊस कमी पडला की मिल थांबते आणि इंजिनिअरचा फोन येतो. वाहनं जास्त झाली की तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, उतारा घटतो, आणि मग सगळ्यांचेच फोन येतात. या दोन्हींच्या मधली वाट काढायची तर कोणतं वाहन किती वेळात परत येणार हे आधी ठाऊक हवं. त्यासाठी हा तक्ता.

तक्ता माझ्याही आधीपासूनचा होता. कोणी केला, कधी केला, कोणाला ठाऊक नव्हतं. दर हंगामाला जुन्याचीच नवी प्रत निघायची. ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉल्या घेऊन फडावर जाताना ताशी २४ किलोमीटरच्या वेगाने जातो आणि दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडे येताना ताशी १२ ने येतो, एवढं निरीक्षण कोणीतरी पूर्वी चांगलं केलेलं होतं. आकडे खरेच होते. पुढे त्या माणसाने २४ आणि १२ ची बेरीज केली, दोनाने भागलं आणि सरासरी वेगाच्या रकान्यात १८ लिहून टाकले.

आमचा सगळ्यात लांबचा गट कारखान्यापासून २४ किलोमीटरवर होता. जाऊन-येऊन ४८. ताशी १८ ने ४८ किलोमीटरला लागतात २ तास ४० मिनिटं. फडावर रिकाम्या ट्रॉल्या सोडून भरलेल्या जोडायच्या, दोर आवळायचे, चिट घ्यायची, टोळीची बारीकसारीक कामं, यात धरलेले २ तास २० मिनिटं. यार्डातली रांग, वजनकाटा, गव्हाणीवर खाली करणं, यात ३ तास. बेरीज बरोबर ८ तास. म्हणजे दिवसाला तीन खेपा. दोन ड्रायव्हर आलटूनपालटून बसतात, त्यामुळे ट्रॅक्टर दिवसरात्र चालतो. हिशेब इतका गोळीबंद बसलेला की त्यावर बोट ठेवावं असं कोणाला वाटायचंच नाही.

आता या लांबच्या गटात दोन गावं होती. दोन्हींचं अंतर तक्त्यात २४ च. त्यातल्या एका गावाची वाहनं तक्त्याप्रमाणे यायची, अगदी वेळेवर. दुसऱ्या गावाची कायम मागे पडायची. फार नाही, खेपेमागे वीसेक मिनिटं. पण तीन खेपांचा एक तास होतो, आणि आमचा दिवस पहाटे चारला पाळी बदलताना संपायचा. असा उशीर साचत गेला की तिसरी खेप काट्यावर यायची तोवर चार वाजून गेलेले असायचे आणि ती दुसऱ्या दिवसाच्या पानावर पडायची. रिपोर्टात त्या गावाच्या वाहनांपुढे तीनऐवजी दोन खेपा दिसायच्या. वाहतूक कंत्राटदारांच्या बैठकीत ते पान वाचलं जायचं. निष्कर्ष तयारच होता: एक गाव वेळेवर येतं म्हणजे तक्ता बरोबर आहे, दुसरं येत नाही म्हणजे त्यांचे ड्रायव्हर धाब्यावर बसतात.

त्या उशिराच्या गावातल्या एका जुन्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणायचे. बैठकीत कंत्राटदार बोलणी खाऊन आला की ती बोलणी मामांकडे पोचायची. एका संध्याकाळी ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले.

“भाऊसाहेब, त्या तक्त्यातला ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा हाय, तेवढं सांगा. मालकाला तोच घ्यायला लावतो.”

मी त्यांना आत बसवलं. ते चहाला नको म्हणाले. “तुमी एक खेप माज्यासंगं चला. मी कुटं थांबतो का बगा.”

मी गेलो. जाताना ट्रॅक्टर मोकळा पळत होता. रिकाम्या ट्रॉल्यांचा खडखडाट आणि वर लावलेल्या कर्ण्यातली गाणी यांत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण रस्ता सरत होता. तासाभरात फडावर पोचलो. भरलेल्या ट्रॉल्या जोडल्या आणि निघालो, तेव्हापासून वेगळाच प्रवास सुरू झाला. फडापासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटरची काळ्या मातीची वाट, मध्ये ओढा. ओढ्याच्या चढाला मामांनी पहिला गिअर टाकला तो टाकलाच. बरोबरचा पोरगा खाली उतरून हातात लाकडी ठोकळा घेऊन मागच्या ट्रॉलीच्या चाकाशेजारून चालत होता, म्हणजे ट्रॅक्टरने दम टाकला तर चाकामागे ठोकळा लावता यावा. तो चालत होता आणि ट्रॅक्टरच्या मागे पडत नव्हता. त्या दोन किलोमीटरला अर्धा तास गेला. पुढचे बावीस किलोमीटर डांबरीवर दीड तासात झाले. मामा कुठेही थांबले नाहीत. आम्ही एकूण तीन तास रस्त्यावर होतो.

तीन तासांत ४८ किलोमीटर. भागाकार करायला कागद लागत नाही. १६.

जाताना २४ किलोमीटर ताशी २४ ने, म्हणजे १ तास. येताना २४ किलोमीटर ताशी १२ ने, म्हणजे २ तास. मामांचा वेगही तक्त्यातलाच होता. ना एक कमी, ना एक जास्त. वेग दोन्ही खरे, अंतर खरं, तरी सरासरी १८ न येता १६ आली. कारण ट्रॅक्टर त्या ताशी १२ च्या वेगात दोन तास होता आणि ताशी २४ च्या वेगात एकच तास. सरासरीत त्या दोन वेगांना समान वाटा कसा मिळेल? तीन तासांची मोजदाद केली तर १२, १२ आणि २४. बेरीज ४८, भागिले तीन, १६. सावकाशीचा प्रवास जास्त वेळ खातो, म्हणूनच तो सरासरीला आपल्याकडे ओढतो. बेरीज करून दोनाने भागणारा माणूस नकळत असं गृहीत धरतो की दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास झाला. आमच्या तक्त्यात सारखं होतं ते अंतर. वेळ सारखा नव्हता.

मला नंतर बरेच दिवस एक प्रश्न छळत होता. ही चूक इतकी वर्षं, इतक्या हुशार माणसांच्या नजरेतून कशी सुटली? कारखान्यात आकड्यांशी खेळणारी माणसं कमी नसतात. लॅबमध्ये चीफ केमिस्ट दशांशाच्या दुसऱ्या स्थळासाठी भांडतो. उत्तर मला रोजच्या गाळप रिपोर्टात सापडलं. त्यात तीन पाळ्यांचा ताशी गाळपाचा दर असतो. समजा पहिल्या पाळीत ताशी १०० टन, दुसरीत ११०, तिसरीत १०५. तिघांची बेरीज करून तीनने भागलं की १०५, आणि दिवसाचं गाळप १०५ गुणिले २४, म्हणजे २,५२० टन. हा हिशेब रोज होतो आणि रोज जुळतो, कारण प्रत्येक पाळी बरोबर आठ तासांची. वेळ सारखा वाटलेला आहे, म्हणून साधी सरासरी चालते. हाच दर जर कोणी पाळीऐवजी दर ८०० टनांमागे नोंदवला असता, पहिल्या ८०० टनांना हा वेग, पुढच्या ८०० ना तो, तर साधी सरासरी तिथेही फसली असती. पण तसं कोणी नोंदवत नाही. ज्या इमारतीत रोज साधी सरासरी बरोबर उत्तर देते, तिथे ती बाहेरच्या रस्त्यावर चुकीचं उत्तर देईल अशी शंका यायला काही कारणच नसतं.

दुसरं कारण अधिक साधं आहे. दोन वेग जवळजवळचे असले तर चूक दिसतच नाही. आमचे साहेब मोटारीने गावाला जाताना ताशी ५० ने गेले आणि येताना ५५ ने आले, तर साधी सरासरी साडेबावन्न आणि खरी सरासरी ५२.४ च्या जवळपास. एवढ्या फरकाने कोणाची जेवणाची वेळ चुकत नाही. चूक किती होते याचा हिशेब मांडला तर ती दोन वेगांमधल्या फरकाच्या वर्गावर अवलंबून असते: फरकाचा वर्ग करा आणि त्याला दोन्ही वेगांच्या बेरजेच्या दुपटीने भागा. आमच्या ट्रॅक्टरला फरक १२, त्याचा वर्ग १४४, बेरीज ३६, दुप्पट ७२, भागाकार २. अठरातून दोन गेले, सोळा. वेगांतला फरक दुप्पट झाला तर चूक जवळपास चौपट होते. म्हणून मोटारीतल्या माणसाला ही चूक आयुष्यभर भेटत नाही, आणि ऊस वाहणाऱ्याला, रेती वाहणाऱ्याला, घाट चढून उतरणाऱ्याला रोज भेटते.

साहेबांना हे सांगायचं कसं, हा वेगळाच प्रश्न होता. तासांची फोड मी कागदावर मांडून दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाले, “पण २४ आणि १२ च्या मध्ये १८ च येतात ना?” यावर काय बोलणार! गणिताने न हलणारा माणूस टोकाच्या उदाहरणाने हलतो असा माझा अनुभव आहे. मी म्हटलं, “साहेब, समजा अवकाळी पाऊस झाला. वाटेत चिखल. भरलेला ट्रॅक्टर ताशी एक किलोमीटरने रडतखडत आला. जाताना मात्र २४ नेच गेला होता. आता तक्त्याप्रमाणे सरासरी काढा.” त्यांनी काढली. २४ आणि १, पंचवीस, निम्मे साडेबारा. ४८ किलोमीटरला साडेबाराने पावणेचार तासांच्या थोडं वर. “म्हणजे तक्ता म्हणतो, ताशी एकने २४ किलोमीटर येणारा ट्रॅक्टर जाऊन-येऊन चार तासांच्या आत गेटवर हजर.” ते हसले. नुसतं यायलाच त्याला पूर्ण दिवस आणि रात्र लागली असती. कोणतीही सरासरी संशयास्पद वाटली की त्यातला एक वेग अगदी शून्याजवळ नेऊन बघायचं, ही सवय मला तेव्हापासून लागली. साधी सरासरी तिथे उघडी पडते, कारण एक बाजू जवळजवळ थांबली तरी तिला दुसऱ्या वेगाच्या निम्म्याखाली जाता येत नाही.

साहेबांना पटलं, पण त्यांनी लगेच पुढचा हुकूम सोडला. “ठीक आहे, १६ येते. आपल्याला १८ पाहिजे. रिकाम्या गाड्या जरा पळवायला सांगा.”

जरा म्हणजे किती? ४८ किलोमीटर ताशी १८ ने संपवायचे तर २ तास ४० मिनिटं मिळतात. त्यातले दोन तास भरलेल्या खेपेने आधीच खाल्लेले. उरली ४० मिनिटं, आणि त्यात २४ किलोमीटर जायचं. म्हणजे ताशी ३६. सरासरी दोनाने वाढवायला रिकाम्या ट्रॅक्टरचा वेग बाराने वाढवावा लागतो. मामांना मी हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी फक्त मागच्या ट्रॉलीकडे पाहिलं. दोन रिकाम्या ट्रॉल्या ताशी ३६ ने गावच्या रस्त्यावर कशा लचकतात हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. शाळा सुटायच्या वेळी तर नकोच.

आणि समजा साहेबांनी २४ ची सरासरी मागितली असती तर? ४८ किलोमीटर ताशी २४ ने म्हणजे दोन तास. ते दोन तास तर येतानाच संपले. जायला शून्य मिनिटं उरतात. ट्रॅक्टरच्या जागी विमान लावलं तरी जमणार नाही. एका बाजूचा वेग १२ असेल तर दुसऱ्या बाजूला काहीही करा, सरासरी १२ च्या दुपटीला कधीच पोचत नाही. नुसती जवळ जवळ जात राहते.

हे कोडं जगात बरंच फिरलेलं आहे असं मला पुढे वाचनात आढळलं. मॅक्स वर्टहायमर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, माणूस विचार कसा करतो याचा अभ्यास करणारे. १९३४ साली त्यांनी अल्बर्ट आइन्स्टाइनना पत्रातून एक कोडं घातलं. एक जुनाट मोटार एक मैल टेकडी चढते आणि एक मैल उतरते. चढताना तिला ताशी १५ मैलांपेक्षा जास्त वेग जमत नाही. पूर्ण दोन मैलांची सरासरी ताशी ३० व्हायची तर उतरताना तिने किती वेगाने यावं? पटकन सुचणारं उत्तर ४५. पंचेचाळीस आणि पंधरा साठ, निम्मे तीस. पण ताशी ३० ने दोन मैलांना चार मिनिटं लागतात आणि ताशी १५ ने चढतानाच ती चारही मिनिटं संपलेली असतात. आइन्स्टाइननी उत्तरात कळवलं की उतरायला वेळच उरत नाही हे आपल्याला आकडेमोड करेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. आमच्या साहेबांना मी हा किस्सा सांगितला, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी तो पुढे कंत्राटदारांच्या बैठकीत स्वतःच्या शैलीत सांगितला. त्यात मोटारीचा ट्रॅक्टर झाला आणि आइन्स्टाइन जवळपास आमच्याच तालुक्यातले.

रिकामी गाडी पळवून काही हाती लागत नाही हे एकदा कळलं की नजर आपोआप भरलेल्या खेपेकडे जाते, आणि तिथेही तिच्यातल्या सगळ्यात मंद तुकड्याकडे. येतानाच्या दोन तासांतला अर्धा तास फडापासून रस्त्यापर्यंतच्या दोन किलोमीटरमध्ये जात होता. ताशी ४ चा वेग. उरलेल्या बावीसात ट्रॅक्टर ताशी साडेचौदाच्या आसपास चालत होता. मी गटाच्या अ‍ॅग्री ओव्हरसीअरला घेऊन बसलो आणि आम्ही हिशेब केला. रिकामा ट्रॅक्टर सगळ्या २४ किलोमीटरभर २४ ऐवजी ३० ने पळवला तर वाचतात १२ मिनिटं. त्याऐवजी त्या दोन किलोमीटरच्या वाटेवर मुरूम टाकला, ओढ्याचा चढ थोडा कापला आणि वेग ४ चा ८ झाला, तर वाचतात १५. चोवीस किलोमीटर जीव मुठीत धरून पळण्यापेक्षा दोन किलोमीटर मुरूम जास्त वेळ देतो. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर दिले, कारखान्याने मुरूम आणि रोलर दिला. चढ मात्र पूर्ण कापता आला नाही, खाली खडक लागला.

डिझेलचंही असंच निघालं. कंत्राटदाराला कारखान्याच्या पंपावर चिठ्ठीवर डिझेल मिळायचं आणि वाहतुकीच्या बिलातून ते कापलं जायचं. चिठ्ठी किती लिटरची द्यायची याचाही अंदाज असाच बेरीज-भागिले-दोनचा. भरलेला ट्रॅक्टर लिटरला ३ किलोमीटर देतो आणि रिकामा ६, असं धरलं तर साडेचारचं अ‍ॅव्हरेज. प्रत्यक्षात येताना ८ लिटर, जाताना ४, एकूण १२ लिटरांत ४८, म्हणजे चारचं अ‍ॅव्हरेज. इथे तासांच्या जागी लिटर आले, बाकी गणित तेच. साडेचारच्या हिशेबाने मिळणारं पावणेअकरा लिटरांहूनही कमी डिझेल दर खेपेला वाटेत संपायचं आणि ड्रायव्हर डिझेल विकतो असा आळ यायचा. एकाच चुकीच्या भागाकाराने मामांवर दोन आळ आणले होते, धाब्याचा आणि डिझेलचा. हे लक्षात आल्यावर मला त्या तक्त्याचा खरोखर राग आला.

आता राहिलं ते वेळेवर येणारं गाव.

तक्ता चुकीचा होता हे ठरलं, मग त्या गावाची वाहनं त्या चुकीच्या तक्त्याबरहुकूम कशी यायची? साहेबांचा हा प्रश्न रास्त होता. “तुमचं गणित खरं असेल तर त्यांनाही तीन तास लागायला पाहिजेत. त्यांना २ तास ४० मिनिटंच लागतात. वजनकाट्याच्या नोंदी आहेत.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वेळी माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करत होता. त्याच्या पुस्तकात हा प्रश्न ठरलेला: जाताना ताशी ४०, येताना ६०, सरासरी किती? पर्यायांत ५० मुद्दाम पहिला ठेवलेला, उत्तर ४८. त्याला सूत्र पाठ होतं. दोन वेगांचा गुणाकार करायचा, दुप्पट करायची, बेरजेने भागायचं. त्याने माझे आकडे घालून पाहिले. १२ गुणिले २४, २८८, दुप्पट ५७६, भागिले ३६, १६. “काका, सोळाच येणार. कुठलंही गाव असू दे.”

पण सूत्रालाही एक अट असते, आणि पाठ करणारा ती अट सहसा पाठ करत नाही. जायचं आणि यायचं अंतर सारखं असलं पाहिजे. पुतण्याच्या पुस्तकात ते सारखंच असतं, कारण तिथे मोटार ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्याने परत येते.

त्या गावाच्या अलीकडे नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा होता. बरगे घालून पाणी अडवलेलं आणि वरून अरुंद वाट. भरलेल्या ट्रॉल्यांना त्यावरून बंदी, म्हणून भरलेली वाहनं वरच्या मोठ्या पुलावरून वळसा घालून यायची. तेच आमच्या तक्त्यातलं २४ किलोमीटर. रिकामी वाहनं मात्र बंधाऱ्यावरून पलीकडे जायची. तिकडून १६ किलोमीटरच पडायचे. हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं, चिटबॉयला ठाऊक होतं, बंधाऱ्याजवळच्या टपरीवाल्यालाही ठाऊक होतं. ऑफिसात कोणी विचारलं नव्हतं म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

आता हिशेब असा. जाताना १६ किलोमीटर ताशी २४ ने, ४० मिनिटं. येताना २४ किलोमीटर ताशी १२ ने, २ तास. एकूण २ तास ४० मिनिटं. तक्ताही २ तास ४० मिनिटंच सांगत होता! अंतर चूक, सरासरी चूक, आणि दोन्ही चुकांनी मिळून वेळ बरोबर आणलेला. एका गावापुरती. आणि त्या एका गावाच्या जोरावर दुसऱ्या गावाला इतकी वर्षं आळशी ठरवलं जात होतं.

पुतण्याला मी विचारलं, आता सरासरी सांग. सूत्र १६ म्हणत होतं. तो म्हणाला, “अंतर कमी झालं म्हणजे सरासरी वाढली असेल. लवकर पोचतात ना.” मी म्हटलं, मोज. एकूण अंतर १६ आणि २४, चाळीस. वेळ २ तास ४० मिनिटं. भागाकार १५. मामांच्या गावाची सरासरी १६, आणि त्यांच्याआधी वीस मिनिटं गेटवर येणाऱ्या गावाची सरासरी १५! तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. कमी सरासरीचा ट्रॅक्टर आधी पोचतो, कारण बंधाऱ्याने वेगातल्या प्रवासातलेच आठ किलोमीटर कापून टाकले. मंद प्रवास तसाच राहिला, वेगाचा प्रवास घटला, म्हणून सरासरी खाली आली. आणि रस्ता कमी झाला म्हणून वेळही वाचला. दोन्ही एकाच वेळी खरं.

साहेबांना हे सांगितल्यावर त्यांनी तक्ता भिंतीवरून काढायला लावला. नव्या तक्त्यात ‘सरासरी वेग’ हा रकाना मी घातलाच नाही. जायचं अंतर आणि जायला लागणारा वेळ, यायचं अंतर आणि यायला लागणारा वेळ, एवढे चार रकाने, आणि शेवटी दोन्ही वेळांची बेरीज. अंतरं ऑफिसात बसून न लिहिता चिटबॉयांकडून मागवली, भरलेल्याचं वेगळं आणि रिकाम्याचं वेगळं. बंधाऱ्यावरून जायला मिळतं की नाही हे बरगे कधी काढतात यावर, पाणी सोडण्यावर आणि कधी कधी गावातल्या भांडणांवर अवलंबून असायचं, त्यामुळे त्या गावाच्या ओळीत दोन वेळा लिहाव्या लागल्या आणि दर पंधरवड्याला त्यातली एक खोडावी लागायची. लांबच्या गटाला दिवसाला तीनऐवजी दोन खेपा धरून आम्ही त्या बाजूला वाहनं वाढवली. कंत्राटदारांनी कुरकुर केली. वाहन वाढलं की प्रत्येकाच्या वाट्याचा ऊस कमी होतो, आणि त्यांना बिल मिळतं टनावर आणि किलोमीटरवर, तासांवर नव्हे. ते भांडण पुढे वेगळ्याच वळणाने गेलं आणि त्याचा सरासरीशी संबंध उरला नाही.